पाऊण टक्का

बँकेच्या लेखी कर्जदार दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारातले हप्ते बुडवतात. त्यांना बँक नावानिशी ओळखते, फोन करून ख्यालीखुशाली विचारते, प्रसंगी घरी माणूसही पाठवते. दुसऱ्या प्रकारातले दर महिन्याच्या पाच तारखेला निमूटपणे हप्ता भरतात. त्यांची बँकेला कधी आठवणच येत नाही. मी दुसऱ्या प्रकारातला, आणि त्याचा मला मनातून भारी अभिमान होता. पाच तारखेला सकाळी पैसे कापल्याचा संदेश आला की मला आपण देवदर्शन करून आल्यासारखं प्रसन्न वाटायचं.

या प्रसन्नतेला सुरुंग लावला माझ्या मेव्हण्याने. नाशिकरोडला त्याने फ्लॅट घेतला आणि पेढे घेऊन आमच्या घरी गंगापूर रोडला आला. कर्ज काढलं होतं आमच्याच बँकेतून, आमच्याच शाखेतून.

"दाजी, साडेसात टक्क्यांनी मिळालं," त्याने पेढा पुढे करत सांगितलं. "तुम्हाला काय बसतंय?"

मला सव्वाआठ बसत होतं. पेढा तोंडात होता म्हणून उत्तर द्यायची वेळ आली नाही. या माणसाने आमची घडीची शिडी रंगकामासाठी म्हणून नेली, त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. दिलेली वस्तू परत करण्याबाबत ज्याचा असा लौकिक, त्याला साडेसात. आणि चार वर्षांत एकही हप्ता न चुकवणाऱ्याला सव्वाआठ!

माझी बायको जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आहे. घरातला कोणताही खर्च तिच्यापुढे गेला की त्यावर आधी आक्षेप निघतो, मग अनुपालन मागवलं जातं, आणि माझं अनुपालन सहसा फेटाळलं जातं. मेव्हणा जिना उतरायच्या आत तिने कपाटातून आमचं २०२२ सालचं मंजुरीपत्र काढलं.

"अहो, हे तुम्ही वाचलं होतं?"

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मंजुरीपत्रातलं मराठी भाषांतर वाचून मला त्या वेळी झालेला मनस्ताप मी तिला सांगितला. तिने तो नोंदवून घेतला नाही.

त्या पत्रात आमचा दर सात टक्के असा ठसठशीत छापला होता, आणि त्याखाली बारीक अक्षरात त्याची फोड होती: रेपो दर ४.०० अधिक स्प्रेड ३.००. सगळी मेख या फोडीत होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की नवीन गृहकर्जाचा बदलता दर बाहेरच्या एखाद्या मापाला बांधा, तुमच्या मनाला नव्हे. बहुतेक बँकांनी रेपो दर हे माप धरलं. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीचे पैसे देते तो रेपो. त्यावर बँक जे आपलं म्हणून चढवते तो स्प्रेड. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव रोज वरखाली होतो, पण अडतीचा टक्का ठरलेला असतो, तसंच हे. फरक इतकाच की कांद्याची अडत सगळ्यांना सारखी, आणि बँकेची अडत तुम्ही कोणत्या साली दारात आलात त्यावर.

आम्ही २०२२च्या सुरुवातीला गेलो. तेव्हा रेपो चार टक्के होता, म्हणजे तळाला टेकलेला. सात टक्क्यांनी घर मिळतंय या आनंदात तीन टक्के अडतीकडे कोण बघतो? त्याच वर्षी मे महिन्यापासून रेपो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर जाऊन बसला. आमचा दर साडेनऊ झाला. बँकेने अत्यंत विनम्र संदेश पाठवून हप्ता वाढवला. २०२५ मध्ये रेपो उतरायला लागला, डिसेंबरात सव्वापाच झाला, आणि आमचा दर सव्वाआठवर आला. म्हणजे रेपो आपल्या जागी प्रामाणिकपणे वर गेला आणि खालीही आला. स्प्रेड मात्र जागचा हलला नाही. मेव्हण्याचाही रेपो सव्वापाचच होता. त्याचा स्प्रेड सव्वादोन होता, एवढाच काय तो त्याचा पराक्रम.

"आपली बाकी ३६ लाख, मुदत उरली सोळा वर्षं," बायको कॅल्क्युलेटर बडवत म्हणाली. "सव्वाआठने हप्ता ३३,८२७. साडेसातने झाला असता ३२,२५०. महिन्याला दीड हजारावर जातात. सोळा वर्षांत तीन लाख."

"पण आपण कधी हप्ता चुकवला नाही," मी म्हणालो.

"त्याचेच तीन लाख," ती म्हणाली.

मला ते पटलं नाही. माझा चांगुलपणावर विश्वास आहे. बँकेला आपलं वर्तन नीट दाखवून दिलं तर बँक आपण होऊन दर उतरवील अशी माझी धारणा होती. म्हणून मी चार वर्षांचा कर्जखात्याचा उतारा काढला आणि सोबत माझा पतअहवालही मिळवला. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. फुकट मिळत असूनही मराठी माणसाने आजवर तो कसा सोडला याचं मला नवल वाटलं.

या अहवालात आपल्या प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक चौकट असते. हप्ता ठरल्या तारखेपासून किती दिवस उशिरा भरला तो आकडा त्या त्या महिन्याच्या घरात लिहिलेला असतो. माझ्या सगळ्या घरांत ०००, ०००, ००० अशी रांग होती. शालेय जीवनात गणिताच्या उत्तरपत्रिकेवर हा आकडा दिसला की मी तो घरापासून लपवत असे. आता तीन-तीन शून्यांची ही माळ मी रंगीत छापून घेतली. गुणांक आला ८११, नऊशेपैकी. आमच्या घराण्यात कोणीही कशातही इतके गुण मिळवलेले नाहीत.

ही सगळी संपत्ती घेऊन मी शाखाधिकाऱ्यांपुढे बसलो. तिशीतला, दमलेला, सज्जन माणूस होता. त्याने शून्यांची रांग बघितली, उतारा चाळला आणि भारावून म्हणाला, "सर, तुमच्यासारखे कस्टमर म्हणजे बँकेचा कणा. असं रेकॉर्ड हल्ली बघायला मिळत नाही."

मी संकोचून खाली बघितलं. शाल-श्रीफळ येईल असं वाटलं.

"एक मिनिट हं सर," म्हणून त्याने संगणकावर काहीतरी दाबलं. त्याचा चेहरा उजळला. "अभिनंदन! तुम्हाला आठ लाखांचं टॉप-अप लोन प्री-अप्रूव्ह्ड दाखवतंय."

निष्कलंक चारित्र्याचं बक्षीस म्हणजे आणखी आठ लाखांचं कर्ज. मी व्याजदराचा विषय काढला. तेव्हा त्याने तीन उत्तरं दिली, आणि ती तिन्ही पुढे मला इतकी ऐकायला मिळाली की झोपेतही म्हणता येतील. एक, ती साडेसातची योजना नवीन ग्राहकांसाठी आहे. दोन, सिस्टीममध्ये तो ऑप्शनच येत नाही. तीन, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

घरी येऊन मी हा वृत्तांत सादर केला. लेखा विभागाने तिसऱ्या उत्तरावर लगेच बोट ठेवलं. नियम आहे हे खरंच होतं. पण शाखाधिकाऱ्याने त्यातला सोयीचा तेवढाच सांगितला होता. स्प्रेडचे दोन भाग असतात. एक भाग कर्जदाराच्या जोखमीचा. तो बँकेने एरवी हलवायचा नाही. कर्जदाराची पत बरीच बदलली तरच बदलायचा. उरलेला भाग म्हणजे बँकेचा कामकाजाचा खर्च वगैरे. तो तीन वर्षांतून एकदाच बदलता येईल असा दंडक होता. आमची तीन वर्षं तर २०२५ मध्येच उलटली होती. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने मोकळीक दिली की ग्राहक टिकवण्यासाठी हा भाग बँकेला तीन वर्षांच्या आधीही कमी करता येईल.

"म्हणजे त्यांना कमी करावाच लागेल?" मी हर्षाने विचारलं.

"करता येईल," ती म्हणाली. "करावा लागेल असं कुठे आहे? त्यांनी का करावा? तुम्ही कुठे पळून जाताय?"

या एका प्रश्नात तिने मला कर्जव्यवहाराचं सगळं मर्म सांगितलं. माझ्या शून्यांच्या माळेचा बँकेने लावलेला अर्थ इतकाच होता, की हा माणूस तीन टक्के अडत विनातक्रार देतो आणि कुठेही जात नाही. असल्या माणसाला सवलत देणं म्हणजे चालू उत्पन्न स्वतःच्या हाताने कापणं. शाखाधिकाऱ्याच्या जागी मी असतो तरी माझं कौतुक करून टॉप-अपच दिलं असतं. ही माळ ज्याला हवीहवीशी वाटेल तो मनुष्य आमच्या बँकेत बसलेलाच नव्हता. तो समोरच्या बँकेत बसला होता. नवीन कर्जदार घेताना कोणत्याही बँकेला एकच धाकधूक असते, की हा फेडील का. माझ्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर आधीच्या बँकेने चार वर्षं स्वतःच्या खर्चाने तपासून ठेवलं होतं. दुसरीला तयार माल उचलायचा होता.

म्हणून आम्ही दुसरी बँक गाठली. गाठली म्हणजे चौकशीचा फोन केला आणि रविवारी सकाळी तिचा प्रतिनिधी आमच्या दारात उभा राहिला. तरुण, हसतमुख, पाठीला सॅक. पहिल्या भेटीत त्याने मला "सर" म्हटलं, कागदपत्रं दिली तेव्हा "काका" म्हटलं. सही झाल्यावर तो आमच्या हिला "काकू, पोहे मस्त झालेत" म्हणाला. आमच्या बँकेने चार वर्षांत मला साधं पाणी विचारलं नव्हतं.

त्याच्या मोबाइलवर त्यांच्या जाहिरातीत ७.३५ टक्के असा आकडा होता. त्यापुढे बारीक अक्षरात "पासून" होतं. हा शब्द भल्याभल्यांना दिसत नाही. ७.३५ हा दर ज्या कुणाला मिळतो त्याचा गुणांक, पगार, कर्जाची रक्कम आणि बहुधा पत्रिकाही जुळावी लागते. तसल्या जाहिरातीचं चित्र जुन्या बँकेला दाखवून काही होत नाही. शाखाधिकारी गोड हसतो आणि म्हणतो, "असं सगळेच म्हणतात, सर." त्याच्यापुढे ठेवायला लागतं ते आपल्या नावाचं, आपल्या रकमेचं, तारीख-शिक्क्याचं मंजुरीपत्र.

ते मिळवायला पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, बँकेचे उतारे, चालू कर्जाचा वर्षाचा उतारा, करारनाम्याची आणि इंडेक्स टूची प्रत, असा गठ्ठा द्यावा लागतो. अर्जासोबत थोडी रक्कम भरावी लागते. ती परत मिळते की नाही हे पोहे द्यायच्या आधी विचारलेलं बरं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पाच-सहा बँकांत टाका अर्ज, जो कमी देईल तो घ्या." हा सल्ला त्याच्या स्वभावाला धरून होता. प्रत्येक अर्जागणिक ती ती बँक आपला पतअहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात उमटते. महिन्याभरात अशा सहा नोंदी दिसल्या की बघणाऱ्याला वाटतं, हा गृहस्थ पैशासाठी दारोदार हिंडतोय. आम्ही एकाच ठिकाणी अर्ज केला.

मंजुरीपत्र आलं. दर ७.५० टक्के: रेपो ५.२५ अधिक स्प्रेड २.२५. लेखा विभागाने ते उन्हात धरून तपासलं. दर मुदतभर रेपोलाच बांधलेला आहे ना, की पहिलं वर्ष स्वस्त आणि पुढे देव जाणे? रेपो बदलल्यावर आपला दर किती महिन्यांनी बदलणार? कर्जासोबत विमा गळ्यात मारून त्याचा हप्ता कर्जातच मिसळला आहे का? हा शेवटचा आक्षेप खरा निघाला. त्या हसतमुख मुलाने आमच्या नावे एका कर्जविम्याचं पान लावलेलं होतं. "काकू, तो ऑप्शनल आहे," तो म्हणाला. "मग काढ," काकू म्हणाल्या. पोहे पुन्हा मिळाले नाहीत.

आता जुन्या बँकेला पत्र लिहायचं होतं. ही जबाबदारी मी आनंदाने घेतली. माझ्या पत्रात ऋणानुबंध होते, विश्वासाचा धागा होता, "आपल्या न्यायबुद्धीस आवाहन" होतं. दोन पानं झाली होती. बायकोने ते वाचून बाजूला ठेवलं आणि स्वतः लिहिलं. त्यात कर्जखात्याचा क्रमांक होता. सध्याचा दर रेपो अधिक ३.००, असं एक वाक्य होतं. आपल्याच शाखेचा नवीन ग्राहकांसाठीचा आणि सोबत जोडलेल्या मंजुरीपत्रातला दर रेपो अधिक २.२५, असं दुसरं. कर्ज घेतल्यापासून एकही हप्ता चुकलेला नाही. उतारा व पतअहवाल सोबत. स्प्रेड २.२५ करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. आणि शेवटी: कर्ज पूर्ण फेडीची रक्कम सांगणारं फोरक्लोजर लेटर आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी मिळावी.

"फोरक्लोजर कशाला?" मी दचकलो. "आपण खरंच चाललोय का?"

"जायची तयारी नसेल तर मागूच नये," ती म्हणाली. "खोट्या बिलावर मी सही करत नाही."

पत्राची पोच घेतली आणि काय चमत्कार! चार वर्षं मुकी असलेली बँक बोलू लागली. फोरक्लोजर लेटर आणि कागदपत्रांची यादी हे दोन कागद मागणारा माणूस दुसरीकडे निघालाय, हे कोणत्याही बँकेला सांगावं लागत नाही. मागणी नोंदली गेली की शाखेच्या वरच्या एखाद्या कार्यालयात, ग्राहक टिकवणं हेच ज्यांचं काम, अशा माणसांच्या पडद्यावर तुमचं नाव उगवतं. आधी एका मुलीचा फोन आला, "सर, आमच्याकडून काही चुकलं का?" आवाजात इतकी कळकळ होती की मी जवळजवळ तिची समजूत काढणार होतो. मग शाखाधिकाऱ्याचा फोन आला. "सर, मॅडमना घेऊन या ना. चहा घेऊ."

मॅडमना बोलावणं ही त्याची चूक होती.

चहा आला. खरोखरचा, कपबशीतला. आधी त्याने आम्हाला भीती घातली. कर्ज दुसरीकडे न्यायचं म्हणजे फार व्याप, सर. मुदतीआधी कर्ज बंद केलं तर चार्जेस... "बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना ते घेता येत नाहीत, २०१२ पासून," मॅडम म्हणाल्या. मग कागदपत्रं परत यायला वेळ लागतो, म्हणाला. मॅडम म्हणाल्या, कर्ज फिटल्यापासून तीस दिवस. त्यापुढे बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. शाखाधिकाऱ्याने बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

मग तो आकड्यांवर आला. "जुने संबंध म्हणून आठ दहा करून देतो." म्हणजे ८.१०. मी आयुष्यात कधी घासाघीस केलेली नाही. कोणी काही कमी केलं की मला उपकाराचं ओझं वाटतं आणि मी "राहू द्या हो" म्हणतो. ते "राहू द्या" माझ्या ओठांवर आलं होतं. टेबलाखाली माझ्या पायावर एक चप्पल आली.

"लेखी उत्तर द्या म्हटलं होतं," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर फोरक्लोजर लेटरची तारीख द्या."

त्याने फोन उचलला, वरिष्ठांशी बोलला. ७.९० झालं. सिस्टीममध्ये जो ऑप्शन येत नव्हता तो येऊ लागला होता. मॅडमनी मंजुरीपत्र फक्त टेबलावर त्याच्याकडे तोंड करून ठेवलं आणि चहा प्यायल्या. बोलल्या काहीच नाहीत. पुढची शांतता शाखाधिकाऱ्याला सहन झाली नाही, तो पुन्हा फोनकडे वळला. हा दर उतरवण्याचा अधिकार त्याचा नव्हताच. त्याला फक्त वर पाठवायचं होतं, आणि वर पाठवायला त्याला हाताशी कागद हवा होता. माझं चार वर्षांचं चारित्र्य त्याला वर पाठवता येत नव्हतं. दुसऱ्या बँकेचं एक पान पाठवता येत होतं. काही दिवसांनी उत्तर आलं: स्प्रेड २.३५, दर ७.६०. एकदाच भरायचं बदलशुल्क पाच हजार आणि त्यावर जीएसटी, मिळून ५,९००.

मी घरी उड्या मारत आलो. मग आठवलं की साडेसातची मंजुरी हातात आहे.

"अजून दहा पैसे कमी करायला लावू!" मी म्हणालो. विजयाने मला चढली होती. "नाहीतर जाऊ तिकडे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

लेखा विभागाने तत्त्वाला आर्थिक तरतूद आहे का ते पाहिलं. तिकडे जायचं तर प्रक्रिया शुल्क पाव टक्का, म्हणजे नऊ हजार, वर जीएसटी; वकिलाचा शोध अहवाल आणि घराचं मूल्यांकन; शिवाय नव्या बँकेकडे घर तारण ठेवायचं मुद्रांक शुल्क आणि नोंदीचा खर्च. सगळं मिळून तीस हजारांच्या घरात. ७.६० ने हप्ता होतो ३२,४५८, आणि ७.५० ने ३२,२५०. फरक महिन्याला २०८ रुपये. तीस हजार भरून निघायला बारा वर्षं लागतील.

"बारा वर्षं तत्त्व सांभाळायचंय?" तिने विचारलं.

इथे मात्र महिन्याला १,३६९ रुपये वाचत होते, म्हणजे ५,९०० पाच महिन्यांत वसूल. जुन्या बँकेनेही हाच हिशेब केला असणार. तिने दुसरीची बरोबरी केली नाही. आम्हाला जायला परवडणार नाही इतकीच ती उतरली. दोन्हीकडे लेखा विभाग असला की व्यवहार असा चोख होतो.

महाविद्यालयात ही बातमी फुटली आणि स्टाफरूममध्ये माझं नाव झालं. लोक सल्ल्याला येऊ लागले. इतिहासाच्या सरांची बाकी चार लाख आणि मुदत तीन वर्षं. त्यांना पाऊण टक्क्याने एकूण पाचेक हजार वाचले असते, आणि तेवढे तर वकील आणि मूल्यांकनकाराच्या रिक्षाभाड्यात गेले असते. शेवटच्या वर्षांत हप्त्यात व्याज थोडंच उरतं, तेव्हा त्यांना मी इतिहासातच राहायला सांगितलं. भूगोलाच्या मॅडमचं कर्ज गृहवित्त कंपनीचं. तिथे रेपोचा तो दंडक लागू नाही, कंपनीचा स्वतःचा मूळ दर असतो. पण शुल्क भरून दर उतरवून घ्यायची सोय तिथेही असते, फक्त ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ग्रंथपालांचा गुणांक सातशेच्या खाली निघाला. मॉलमध्ये कोणीतरी "फुकट" म्हणून दिलेलं क्रेडिट कार्ड त्यांनी कधी वापरलंच नव्हतं, पण त्याची वार्षिक फी थकलेली दाखवत होती. त्यांना आधी ते खातं मिटवून अहवालात दुरुस्ती मागावी लागली. तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, हे कळल्यापासून ते दुरुस्ती लवकर होऊ नये अशी प्रार्थना करत होते.

बँकेत शेवटची सही करायला गेलो तेव्हा शाखाधिकाऱ्याने नवीन पत्र दिलं. रेपो अधिक २.३५ असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मॅडमनी ते वाचून घडी केली. तो जरा पुढे झुकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "सर, दोन-तीन वर्षांनी एकदा बघत जा. नवीन लोकांना काय चाललंय ते. आम्ही काही स्वतःहून बोलावणार नाही." नोकरीत राहून माणसाला जेवढं खरं बोलता येतं तेवढं तो बोलला. मी त्याचा हात हातात घेतला. मॅडम म्हणाल्या, "पोच द्या."

एक फॉर्म मात्र उरला होता. दर उतरला की दोनपैकी एक निवडायचं असतं: हप्ता कमी करायचा, की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची. मी पहिल्या चौकटीत खूण करणार होतो. महिन्याला १,३६९ रुपये! घरी त्यांचं वाटपही होऊन गेलं होतं. मुलीने त्यातून मोबाइलचा मोठा डेटा प्लॅन धरला होता, मी दोन दिवाळी अंकांऐवजी सात घेण्याचं ठरवलं होतं, आणि मेव्हण्याने, मूळ माहिती त्याचीच असल्यामुळे, पार्टी मागितली होती. सगळ्यांची बेरीज बायकोने केली. ती २,९०० भरली.

तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली. हप्ता ३३,८२७ तसाच राहिला आणि शेवटचे चौदा हप्ते गळाले. कर्ज २०४२ ऐवजी २०४० साल संपता संपता फिटणार.

घरी निराशा पसरली. "म्हणजे एवढं भांडून आपल्या हातात काय आलं?" मुलीने विचारलं.

"२०४१ साली दर महिन्याला ३३,८२७ रुपये मोकळे," बायको म्हणाली.

हे ऐकल्यावर घरात पुन्हा चैतन्य आलं. त्यातले अर्धे कोणाचे यावर सध्या वाद चालू आहे, आणि मेव्हण्याने त्या वर्षासाठी आत्तापासून पाच लाख उसने मागून ठेवले आहेत. मी त्याला शून्यांची रांग असलेला अहवाल घेऊन यायला सांगितलंय. सोबत शिडीही.